सीईटीच्या पर्सेंटाइलमध्ये परीक्षेच्या पाळीचा वाटा किती?

अभियांत्रिकी प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागला की घराघरांत एकच हिशेब सुरू होतो. एका मुलाने उत्तरतालिकेवरून मोजलेले गुण 151, पर्सेंटाइल 98. त्याच्याच क्लासमधल्या, पण दुसऱ्या पाळीत परीक्षा दिलेल्या मुलीचे गुण 132, पर्सेंटाइल 98.5. मुलाचे वडील म्हणतात, "एकोणीस गुण जास्त असून पोरगं मागं कसं?" मुलीची आई म्हणते, "तिचा पेपर किती अवघड होता, ते नाही का बघणार?" या वादात बहुतेकदा आई बरोबर असते. पण वडिलांना उत्तर देण्यासाठी जी माहिती लागते ती राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे आपला सीईटी सेल, जाहीर करत नाही. माझी तक्रार त्याबद्दल आहे. वेगवेगळ्या पाळ्यांचे गुण एका मापात आणण्याचे नॉर्मलायझेशन बंद करा अशी माझी मागणी नाही. ते कोणत्या गृहीतकावर उभे आहे ते उघड सांगा आणि गृहीतक खरे ठरले का ते दरवर्षी आकड्यांनी दाखवा, एवढीच मागणी आहे. आता ही परीक्षा वर्षातून दोनदा होणार असल्याने ती जास्त निकडीची झाली आहे.

आधी पद्धत समजून घेऊ. एमएचटी-सीईटी 2019 पासून संगणकावर होते. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी 50 प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे 50 प्रश्न दोन-दोन गुणांचे, एकूण 200 गुण आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. पीसीएम गटाची परीक्षा काही लाख मुले देतात. एवढे संगणक एकाच वेळी मिळत नाहीत म्हणून सकाळ-दुपार अशा पाळ्यांमध्ये कित्येक दिवस परीक्षा चालते आणि प्रत्येक पाळीला वेगळी प्रश्नपत्रिका असते. कुठल्याही दोन प्रश्नपत्रिका तंतोतंत सारख्या अवघड काढता येत नाहीत, कितीही अनुभवी माणसे बसवली तरी. त्यामुळे 200 पैकी मिळालेले गुण थेट एका यादीत लावता येत नाहीत.

यावर सेलने जेईई मेनचीच रीत घेतली आहे. तुमच्या पाळीत तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळवणारे किती, त्या संख्येला पाळीत हजर असलेल्यांच्या संख्येने भागायचे आणि शंभरने गुणायचे. वरच्या मुलीच्या पाळीत 20 हजार मुले असतील आणि 19,700 जण 132 किंवा त्याखाली असतील, तर ती 98.5 वर. मुलाच्या सोप्या पाळीत 151 किंवा त्याखाली 19,600 जण असतील, तर तो 98 वर. मग सगळ्या पाळ्यांचे पर्सेंटाइल एका यादीत ओतायचे आणि गुणवत्ता यादी तयार.

या रीतीचा मोठा गुण असा की पेपर किती अवघड होता हे तज्ज्ञांना ठरवावे लागत नाही. पेपर अवघड असला तर सगळ्यांचेच गुण खाली येतात, पण पाळीतला क्रम तोच राहतो. सरासरी आणि प्रमाण विचलनावर आधारलेल्या सूत्रांमध्ये गुण वर-खाली ताणले जातात. तलाठी भरतीच्या वेळी कुणाला 200 पैकी 214 गुण दिसले ते अशाच सूत्रामुळे, आणि महाराष्ट्रभर संशय उसळला. पर्सेंटाइलमध्ये असा प्रकार होत नाही. शंभराच्या वर कोणी जात नाही.

पण या साध्या भागाकाराच्या पोटात एक मोठे गृहीतक आहे. सोमवारी सकाळची 20 हजार मुले आणि गुरुवारी दुपारची 20 हजार मुले एकूण तयारीत सारखीच आहेत, असे आपण धरून चालतो. पेपर वेगळा आहे हे मान्य करतो आणि मुले मात्र सारखी मानतो. एखाद्या पाळीत हुशार मुले जरा जास्त आली, तर त्या पाळीतल्या प्रत्येकाचे पर्सेंटाइल उतरते. आणि हे गुणपत्रिकेत कुठेच दिसत नाही, कारण प्रत्येक पाळीचे पर्सेंटाइल शून्याच्या आसपास सुरू होऊन शंभरालाच संपते. पाळीची सरासरी 70 आली तर पेपर अवघड होता की मुले कच्ची होती, हे नुसत्या त्या आकड्यावरून कुणालाही सांगता येणार नाही, सेललाही नाही.

पाळ्यांचे वाटप पूर्णपणे यदृच्छेने झाले, तर हे गृहीतक बहुतांशी खरे ठरते. बहुतांशी म्हणजे किती, ते मोजता येते. हिशेबासाठी चार लाख मुले आणि 20 पाळ्या धरू, म्हणजे पाळीला 20 हजार. राज्यात खरोखर 99 पर्सेंटाइलवर असलेली एक मुलगी घ्या. तिच्यापेक्षा सरस असलेली मुले राज्यात चार हजार. तिच्या पाळीत सरासरीने त्यांतली 200 यायला हवीत. पण चिठ्ठ्या टाकून वाटप केले तरी नेमकी 200 येत नाहीत. कधी 186, कधी 214, असा सुमारे 14 चा फरक अगदी सहज पडतो आणि क्वचित 28 चाही. 14 म्हणजे 0.07 पर्सेंटाइल, आणि चार लाखांच्या यादीत 0.07 पर्सेंटाइल म्हणजे सुमारे 280 क्रमांक. मुलीने पेपर तितकाच चांगला सोडवला आणि फक्त पाळी बदलली, तरी ती चार हजारावी असण्याऐवजी 3,700 वी किंवा 4,300 वी होऊ शकते. 90 पर्सेंटाइलच्या आसपास हाच फरक साधारण 850 क्रमांकांचा होतो. अगदी वर, 99.9 पाशी, पाळीत तुमच्या पुढे फक्त 20 जण असायला हवेत आणि त्यात चार-पाच जणांचा फरक पडतो. म्हणजे चारशेव्या क्रमांकावर सुमारे 90 क्रमांक इकडे-तिकडे. पुण्याच्या सीओईपीत किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये कॉम्प्युटरची जागा मिळणार की नाही, हे याच पट्ट्यात ठरते.

यात कुणाची लबाडी नाही. वाटप शंभर टक्के प्रामाणिक असले तरी हा फरक राहणारच. पाळ्या कमी केल्या आणि प्रत्येक पाळी मोठी केली तर तो घटतो. पाळी दुप्पट मोठी केली तर सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो, पण संपत नाही.

आता पर्सेंटाइलच्या सात दशांश स्थळांकडे पाहा. निकालात 99.9950281 असा आकडा छापलेला असतो आणि पालक तो श्रद्धेने वाचतात. एकसारख्या पर्सेंटाइलवर गर्दी होऊ नये म्हणून सात स्थळे ठेवतात. पण ती कुठून येतात ते पाहू. एका पाळीत 20,113 मुले हजर होती आणि तुमच्या पुढे फक्त एक जण आहे, तर तुमचे पर्सेंटाइल 99.9950281. दुसऱ्या पाळीत 19,874 हजर होती आणि तिथेही दुसऱ्या आलेल्या मुलाच्या पुढे एकच जण, तर त्याचे 99.9949683. पहिला मुलगा यादीत वर लागला तो त्याच्या पाळीला 239 मुले जास्त हजर होती म्हणून. दोघांच्या अभ्यासाचा या फरकाशी काही संबंध नाही. वीस पाळ्यांत दुसरे आलेले वीस जण गुणवत्ता यादीत एकमेकांच्या वर-खाली लागतात ते निव्वळ हजेरीपटावरून. पहिल्या आलेल्यांना तर पेपर कसाही असो, 100 च मिळतात. म्हणूनच दरवर्षी "शंभर पर्सेंटाइलचे मानकरी" डझनांनी निघतात.

पर्सेंटाइल सारखे आले तर गणिताचे, मग पुढच्या विषयांचे पर्सेंटाइल पाहून क्रम लावण्याचा नियम आहेच. हा नियम निदान विषयाच्या तयारीकडे बघतो, जरी विषयाचे पर्सेंटाइलही पाळीवरूनच काढलेले असले तरी. सात स्थळांमुळे वेगवेगळ्या पाळ्यांतल्या मुलांमध्ये या नियमाची वेळ क्वचितच येते आणि निवाडा हजेरीवर होतो. मला हे चुकीचे वाटते. पर्सेंटाइल दोन दशांश स्थळांपर्यंत धरावे आणि त्यात बरोबरी झालेल्यांचा क्रम विषयवार गुणवत्तेने, शेवटी बारावीच्या गुणांनी लावावा. यामुळे यादी सदोष होईल असे म्हणणाऱ्यांना एवढेच विचारायचे की हजेरीपटाने लावलेली यादी निर्दोष कशी?

यदृच्छ वाटपाबद्दल मी "झाले तर" म्हटले, कारण ते झाले का हे बाहेरून तपासायची सोय नाही. मुलगा परीक्षेसाठी जिल्हा निवडतो. मोठ्या शहरांत केंद्रे पुष्कळ, लहान जिल्ह्यांत संगणक थोडे. एखाद्या जिल्ह्याची मुले ठराविक दिवसांतच उरकली गेली किंवा उशिरा अर्ज भरलेली मुले शेवटच्या पाळ्यांत ढकलली गेली, तर पाळ्यांची घडण बदलते. असे होते असा आरोप मी करत नाही. होत नाही हे दाखवणे सेलला सहज शक्य आहे आणि त्याने ते दाखवावे, असे म्हणतो. अर्जातल्या माहितीवरून प्रत्येक पाळीत कोणत्या जिल्ह्याची किती मुले, किती मुली, कोणते माध्यम, रिपीटर किती, हे एका तक्त्यात मांडता येते. पेपर सुरू होण्याआधीच माहीत असलेल्या या गोष्टी सगळ्या पाळ्यांत जवळपास सारख्या निघाल्या, तर मुलेही सारखी होती असे म्हणायला आधार मिळतो. एखादी पाळी वेगळी निघाली, तर निकालाआधी दुरुस्तीचा विचार करता येतो.

याहून चांगला मार्गही आहे. वाटप नुसते चिठ्ठ्यांवर न सोडता जिल्हावार थर पाडून करावे. जिल्ह्यातली मुले दहावीच्या गुणांनी क्रमाने लावायची आणि एकेक करून पाळ्यांमध्ये फिरती वाटायची, सुरुवात कुठल्या पाळीपासून करायची तेवढे मात्र चिठ्ठीने ठरवायचे. असे केले की प्रत्येक पाळीत हुशार, मध्यम, कच्ची मुले आपोआप सारख्या प्रमाणात पडतात आणि वर मोजलेला फरकही काही प्रमाणात आटोक्यात येतो. यासाठी वेगळी परीक्षा लागत नाही, नवा खर्च नाही. सॉफ्टवेअरमध्ये वाटपाचा नियम बदलायचा, एवढेच.

गृहीतक मोडण्याची शक्यता कधी निर्माण होते, हे 2025 मध्ये दिसले. 27 एप्रिलच्या सकाळच्या पाळीत गणिताच्या 21 प्रश्नांचे पर्याय चुकले. 21 प्रश्न म्हणजे 200 पैकी 42 गुण. एवढा भाग गेल्यावर उरलेल्या पेपरवर पर्सेंटाइल काढणे शक्य नव्हते. सेलने 5 मे रोजी फेरपरीक्षा घेतली, ती घ्यायलाच हवी होती. या पाळीत 27 हजारांहून जास्त मुले होती. तेव्हा चर्चा झाली ती त्यांना आठवडाभर जास्त मिळाला याची. पण पर्सेंटाइल पाळीच्या आतच काढले जाते. आठवडा सगळ्यांनाच मिळाला, त्यामुळे त्याचा फायदा तिथेच फिटतो. खरा प्रश्न होता कोण आले नाही हा. पहिला पेपर वाईट गेलेली, दुसरीकडे प्रवेशाचे पाहत असलेली, पुन्हा प्रवास परवडत नसलेली मुले फेरपरीक्षेला येत नाहीत, आणि अशांत खालच्या गुणांची मुले जास्त असण्याची शक्यता मोठी.

समजा 27 हजारांपैकी खालचीच दीड हजार आली नाहीत. पूर्ण हजेरीत 270 जण पुढे असलेली मुलगी 99.00 वर असती. 25,500 च्या हजेरीत तेच 270 जण पुढे असले तर ती 98.94 वर येते. चार लाखांच्या यादीत हा सव्वादोनशेहून जास्त क्रमांकांचा फटका आहे, आणि तिने काहीच चूक केलेली नाही. हा आकडा मी उदाहरणासाठी धरला आहे. खरी गळती किती आणि कोणत्या थरातली, हे सेलकडच्या दोन हजेरीपटांवरून काढता येते. चुकीच्या पेपरचेही बिनचूक प्रश्नांवरचे गुण नोंदलेले असणारच. गैरहजर मुलांचे ते गुण कुठे पडत होते हे पाहिले असते, तर दुरुस्ती किती हवी हे कळले असते.

आता पुढची गोष्ट. ही परीक्षा 2026 पासून वर्षातून दोनदा घेण्याचे जाहीर झाले आहे. पहिली सर्वांसाठी, दुसरी ऐच्छिक, आणि दोन्हींपैकी चांगले पर्सेंटाइल धरायचे. जेईई मेनमध्ये जानेवारी-एप्रिल असे हेच चालते. मुलांवरचा ताण कमी होईल, आजारी पडलेल्याचे वर्ष वाया जाणार नाही, म्हणून निर्णय मला मनापासून आवडला. पण पर्सेंटाइलचे सूत्र तसेच ठेवले, तर दुसऱ्या परीक्षेत गृहीतक हमखास मोडते, कारण दुसऱ्या वेळी कोण येणार हे चिठ्ठ्यांनी नाही, मुलांच्या स्वतःच्या निर्णयाने ठरते.

एक कल्पित उदाहरण सोडवून पाहू. पहिल्या परीक्षेत चार लाख, दुसऱ्या परीक्षेत दीड लाख मुले. ज्यांनी प्रयत्नच सोडला ती खालची मुले आली नाहीत आणि समाधान झालेली सगळ्यांत वरची मुलेही आली नाहीत. पहिल्या वेळी 97 वर असलेल्या मुलाच्या पुढे 12 हजार जण होते. त्यांतले आठ हजार पुन्हा बसले. मुलाची तयारी तेवढीच राहिली, तर दुसऱ्या वेळी दीड लाखांत आठ हजार पुढे, म्हणजे त्याचे पर्सेंटाइल 94.67. खरोखर सुधारणा करूनही त्याला 97 गाठायला धाप लागेल. आता 99.8 वर असलेली मुलगी घ्या. तिच्या पुढे 800 होते, त्यांतले बहुतेक समाधानी, फक्त 200 पुन्हा बसले. दीड लाखांत 200 पुढे, म्हणजे 99.87. तयारीत काडीचाही फरक न पडता तिचे पर्सेंटाइल वाढले आणि चार लाखांच्या मोजपट्टीवर ती आठशेव्या क्रमांकावरून साधारण 530 व्या क्रमांकावर गेली. वरच्यांना दुसरी संधी फुकट चढवते आणि मधल्यांना फुकट उतरवते. चांगले तेच धरायचे असल्याने मधल्यांचे नुकसान होत नाही असे वाटेल, पण तेही खरे नाही. गुणवत्ता यादीत कुणी वर चढले की दुसरा कुणी खाली सरकतोच, आणि मधल्या मुलाची संधी नावापुरती उरते.

याला उपाय आहे, आणि तो सेलच्या हाती असलेल्या आकड्यांतून निघतो. दुसऱ्या वेळी बसलेल्या प्रत्येकाचे पहिले पर्सेंटाइल माहीत असते. त्यामुळे दुसऱ्या गटातला क्रम त्याच गटाच्या पहिल्या पर्सेंटाइलशी जोडता येतो. दीड लाखांत 94.67 व्या टक्क्यावर कोणते पहिले पर्सेंटाइल होते ते पाहायचे. आपल्या उदाहरणात ते 97 येते, आणि मुलाला 97 द्यायचे. ज्याने खरोखर सुधारणा केली तो गटात पुढे सरकेल आणि त्याला जास्त मिळेल. जो जागच्या जागी राहिला तो जागच्या जागीच राहील. या पद्धतीलाही मर्यादा आहे. पहिल्या वेळी नशिबाने मार खाल्लेली मुले दुसऱ्यांदा जास्त येतात, म्हणून या गटाची पहिली पर्सेंटाइल त्यांच्या खऱ्या तयारीपेक्षा जराशी कमी असतात, आणि गटाने एकत्रितपणे केलेली सुधारणाही यात पकडली जात नाही. तरी मधल्या मुलाचे सव्वादोनहून जास्त पर्सेंटाइल खाणाऱ्या सूत्रापेक्षा ही चूक पुष्कळ लहान आहे.

अमेरिकेतल्या सॅटसारख्या परीक्षा वेगवेगळ्या तारखांच्या पेपरांचे गुण एकाच मोजपट्टीवर आणूनच देतात. त्यासाठीची एक जुनी वाट म्हणजे दोन्ही पेपरांत काही समान प्रश्न ठेवणे. त्या प्रश्नांवर दोन्ही गट कसे वागले ते पाहिले की पेपर अवघड होता की मुले वेगळी होती हे वेगळे करता येते. शास्त्राच्या दृष्टीने हा उपाय जास्त पक्का. पण आपल्याकडे सकाळच्या पेपरातले प्रश्न दुपारपर्यंत मोबाइलवर फिरतात. समान प्रश्न फुटले, तर नंतरची पाळी खोटीच हुशार दिसेल. शिवाय मुलांना त्यांचा पेपर आणि उत्तरे पाहून हरकत घेता येते, हा हक्क मोठ्या मुश्किलीने मिळाला आहे आणि समान प्रश्नांसाठी तो काढून घेऊ नये. म्हणून सध्या तरी मी पाळ्यांचे थर पाडून वाटप आणि दुसऱ्या परीक्षेला वरची जोडणी, या दोनच गोष्टी मागतो.

काही पालक म्हणतात, पूर्वीसारखी एकाच दिवशी एकच पेपर घ्या. उत्तर प्रदेशात लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेबाबत 2024 च्या नोव्हेंबरमध्ये प्रयागराजला विद्यार्थी रस्त्यावर बसले आणि आयोगाला ती एकाच दिवशी घेण्याचे मान्य करावे लागले. तिथला राग मला समजतो. पण त्याच वर्षीच्या मे महिन्यात नीट एकाच दिवशी, एकाच पेपरवर झाली होती. पेपर फुटला आणि एका फुटीने सगळ्या देशाची परीक्षा संशयात सापडली. पाळ्यांमध्ये एक पेपर बिघडला तर एक पाळी पुन्हा घेता येते, 2025 मध्ये तेच झाले. त्यामुळे पाळ्या ठेवाव्यात असेच माझे मत आहे.

पण पाळ्या ठेवायच्या तर पाळीचे आकडे लपवायचे कशासाठी? आज मुलाला स्वतःचे गुण मोजता येतात. त्याच्या पाळीत किती जण कोणत्या गुणांवर होते, ते मात्र कळत नाही. निकालाच्या रात्री सेलकडे प्रत्येक पाळीचा तक्ता तयारच असतो, नाहीतर पर्सेंटाइल निघालेच नसते. 0 ते 200 पर्यंतच्या प्रत्येक गुणावर किती मुले, एकूण हजर किती, गैरहजर किती, रद्द केलेले प्रश्न कोणते. कुणाचे नाव नाही, आसन क्रमांक नाही. वीस पाळ्यांचे वीस तक्ते संकेतस्थळावर टाकले, तर सांगलीचा एखादा गणित शिक्षक संध्याकाळी बसून 151 गुणांच्या मुलाच्या वडिलांना त्यांच्याच पाळीच्या आकड्यांवरून दाखवू शकेल की 400 जण त्याच्या पुढे होते. त्यात चूक आढळली तर तीही त्याच रात्री सापडेल, कॅप या प्रवेश प्रक्रियेची पहिली फेरी सुरू होण्याच्या आत. ही माहिती मागायला 2024 मध्ये पालकांना आंदोलने करावी लागली आणि राजकीय पत्रकार परिषदा झाल्या. वाटपाचा तक्ता परीक्षेआधी, गुणांचा तक्ता निकालाबरोबर आणि दुसऱ्या परीक्षेच्या जोडणीचे सूत्र अर्ज भरून घेण्यापूर्वी, अशा क्रमाने सेलने ते स्वतःहून जाहीर करावेत.